दोन परवानग्या

फेब्रुवारी महिना संपत आला, म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील अनेक शाळांतून खोडद गावी जाण्याची तयारी सुरू होते. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या निमित्ताने खोडदच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीच्या आवारात विज्ञानप्रदर्शन भरते. मुले आपण तयार केलेले प्रयोग तेथे मांडतात आणि इतरांचे प्रयोग पाहतात. उन्हात चमकणाऱ्या जाळीच्या त्या अवाढव्य तबकड्या पाहिल्या की कोणाच्याही मनात पहिला विचार येतो तो हा, की याचे एक छायाचित्र घ्यावे. आणि नेमके तेथेच मोबाईल फोन बंद ठेवण्यास सांगतात.

जुन्नर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत या सहलीच्या आदल्या आठवड्यात सहावी ते आठवीची मुले सभागृहात जमली होती. गुरुजींना खरे तर बोलायचे होते ते पुढे येऊ घातलेल्या स्नेहसंमेलनाविषयी. परंतु त्यांनी आरंभ केला तो खोडदपासून. फोन बंद का ठेवायचा, असे त्यांनी विचारले. "आवाज होतो म्हणून," एकाने सांगितले. "मुले हरवतात म्हणून," दुसरा म्हणाला. दोन्ही उत्तरे चुकली, तरी गुरुजी हसले नाहीत. कारण ज्या नियमाचे कारण कोणी सांगितलेले नसते, त्या नियमाविषयी माणूस असेच अंदाज बांधतो.

कारण असे आहे. या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत त्या पसरलेल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांनी ती उभारली. ही दुर्बीण डोळ्याने पाहत नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ती ऐकते, असे म्हटले तर चालेल. त्या लहरी दूरच्या तारकाविश्वांपासून निघालेल्या असतात आणि येथे पोहोचेपर्यंत कल्पनेपलीकडे क्षीण झालेल्या असतात. मोबाईल फोनही रेडिओ लहरीच सोडतो. खिशात गप्प पडलेला दिसला, तरी तो अधूनमधून जवळच्या मनोऱ्याशी बोलत असतो. असा एखादा फोन चंद्रावर नेऊन ठेवला, तरी पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातील अत्यंत तेजस्वी रेडिओ स्रोतांपैकी एक वाटेल. मग तोच फोन तबकडीच्या पायथ्याशी असला तर काय होईल, हे निराळे सांगायला नको. जो ऐकत बसला आहे, त्याच्या कानाशी थाळी वाजविण्यासारखे ते आहे.

मुलांना हे पटले. ज्या नियमामागे तबकड्या, लहरी आणि तारे आहेत तो नियम पटायला जड जात नाही. तेव्हा गुरुजींनी विचारले, "आपल्या शाळेच्या आवारात तर दुर्बीण नाही. मग आपल्या स्नेहसंमेलनात हवी तितकी छायाचित्रे काढायला हरकत नाही ना?" सभागृहात बराच गलका झाला. बहुतेकांचे म्हणणे पडले की हरकत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या वयाच्या पुष्कळ मुलांपाशी स्वतःचा फोन नसतो. समारंभाच्या दिवशी वडिलांचा, आईचा किंवा थोरल्या भावाचा फोन मागून आणलेला असतो. म्हणजे काढलेले चित्र मुलाचे म्हणून काढले जाते. पण ते साठते वडिलांच्या फोनमध्ये आणि जाते वडिलांच्या ओळखीच्या माणसांत. ज्याने चित्र काढले, त्याचाच त्यावर ताबा राहत नाही. गुरुजींच्या बोलण्याचा सारा रोख या एका गोष्टीवर होता.

छायाचित्रे मुळीच काढू नयेत, असे त्यांचे मत नाही. तसे मत असणाऱ्यांशी ते सहमतही नाहीत. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि मावळ या तालुक्यांतील कितीतरी घरांतील कर्ती माणसे मुंबईत असतात. मुंबईचे डबेवाले बहुतांशी याच मुलखातले. सकाळी घरोघरचे डबे गोळा करून दुपारच्या आत कचेऱ्यांत पोहोचविणाऱ्या माणसाला मुलीचा नाच पाहण्यासाठी कामाचा दिवस सोडून गावी येणे सोपे नाही. त्याच्या हातात त्या रात्री एक चित्र आले, तर त्याचे मोल त्यालाच ठाऊक. शाळेने सरसकट बंदी घातली, तर पहिला तोटा होतो तो अशा बापाचा. म्हणून बंदी हा उपाय गुरुजींना आळशी वाटतो. बंदी घालणाऱ्याला विचार करावा लागत नाही, आणि ज्याच्यावर बंदी आहे त्यालाही तो करावा लागत नाही.

मग विचार करायचा तो कशाचा? गुरुजींनी फळ्यावर एक चौकट काढली आणि मुलांना सांगितले, की हे एका मुलीचे चित्र आहे असे समजा. सातवीतील मुलगी, वक्तृत्वात पहिली आली, हातात प्रमाणपत्र आहे, चेहरा आनंदाने फुलला आहे. मैत्रिणीने कौतुकाने चित्र काढले. मैत्रिणीच्या मनात कौतुकाशिवाय दुसरे काहीच नाही. आता या चित्रात काय काय आहे ते सांगा.

मुले सांगू लागली, आणि यादी पाहता पाहता लांबली. प्रमाणपत्रावर मुलीचे पूर्ण नाव आहे, म्हणजे वडिलांचे नावही त्यात आलेच. इयत्ता आहे, तुकडी आहे. मागच्या पडद्यावर शाळेचे नाव, गावाचे नाव आणि तारीख मोठ्या अक्षरांत आहे. गणवेशावर शाळेचे बोधचिन्ह आहे. चेहरा तर आहेच. गुरुजी म्हणाले, "आता एखादा अनोळखी मनुष्य आपल्या फाटकाशी उभा आहे असे समजा. त्याने हे चित्र पाहिलेले आहे. शाळा सुटली, ही मुलगी बाहेर आली, आणि त्याने तिला नावाने हाक मारली. तुझ्या बाबांनी मला पाठविले आहे, असे सांगून त्याने बाबांचे नावही बरोबर सांगितले. ती काय समजेल?"

सभागृह शांत झाले. नावाने हाक मारणारा माणूस ओळखीचा असतो, हे आपण लहानपणापासून धरून चालतो. आणि आतापर्यंत ते बहुतेक खरेही होते. गावात नाव ठाऊक असायला ओळख लागत असे. छायाचित्राने ती अट काढून टाकली. मैत्रिणीने वाईट काही केले नाही, कोणाचे गुपित फोडले नाही, तरी एका परक्या माणसाला ओळखीचे सोंग घेण्याची सारी सामग्री तिने एका चौकटीत भरून दिली.

यावर उपाय अवघड नाहीत. प्रमाणपत्राची कोरी बाजू पुढे करावी, किंवा ते पोटाशी धरावे. पडदा मागे येणार नाही अशा बाजूला दोन पावले सरकून उभे राहावे. काढून झालेल्या चित्रात नाव दिसत असेल, तर तेवढा भाग कापून टाकावा. त्यावर रंगाची रेघ ओढून भागत नाही, कारण काही रंग अर्धपारदर्शक असतात आणि उजेड वाढविला की खालची अक्षरे पुन्हा वाचता येतात. आणि चित्राखाली पूर्ण नाव लिहू नये. ज्यांना पाठवायचे आहे, त्यांना ती मुलगी कोण हे माहीतच असते.

हे झाले डोळ्यांना दिसणारे. परंतु चित्रात न दिसणारेही काही असते, आणि गुरुजींना वाटते की याविषयी मोठ्या माणसांनाही पुरेसे ठाऊक नाही. फोनने काढलेल्या प्रत्येक चित्राच्या धारिकेत चित्राबरोबर एक लहानशी टिपण जोडलेली असते. तिला एक्झिफ म्हणतात. कोणत्या फोनने चित्र काढले, कोणत्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी, हे त्या टिपणीत आपोआप लिहिले जाते. आणि कॅमेऱ्याला स्थान नोंदविण्याची मुभा दिलेली असेल, तर चित्र कोठे काढले त्या जागेचे अक्षांश आणि रेखांशही लिहिले जातात.

अक्षांश-रेखांश मुलांनी भूगोलात शिकलेले असतात. म्हणून गुरुजींनी गणित फळ्यावरच मांडले. जुन्नर शहर साधारणपणे १९ अंश १२ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशाच्या एका अंशाची लांबी सुमारे १११ किलोमीटर. अंशाचे ६० भाग केले की एक मिनिट. म्हणजे १११ ला ६० ने भागले, की सुमारे १,८५० मीटर. मिनिटाचे पुन्हा ६० भाग केले की एक सेकंद. म्हणजे सुमारे ३१ मीटर. नुसते अंश सांगितले, तर इतक्या मोठ्या मुलखात कोणी सापडायचे नाही. मिनिटांपर्यंत सांगितले, तर गाव सापडेल. सेकंदांपर्यंत सांगितले, तर आळी सापडेल. आणि फोन सेकंदाचेही अपूर्णांक लिहितो. मोकळ्या आकाशाखाली त्याला आपली जागा साधारण पाच मीटरांच्या आतबाहेर समजते. पाच मीटर म्हणजे घराची ओसरी.

"पण गुरुजी," आठवीतील एक मुलगा म्हणाला, "शाळा कोठे आहे हे सगळ्यांना ठाऊकच आहे. ते लपवून काय मिळणार?"

प्रश्न खरोखर चांगला होता, आणि गुरुजींनी तो मान्य केला. शाळेचा पत्ता गुप्त नसतो. तेथे काढलेल्या चित्रातील अक्षांश-रेखांशांनी नवे काही कळत नाही. पण स्नेहसंमेलनाच्या दिवशी पहिले चित्र शाळेत काढले जात नाही. नऊवारी नेसून, फेटा बांधून किंवा मावळ्याचा वेष करून मूल तयार झाले, की आई त्याला अंगणात उभे करते आणि चित्र काढते. या दोन्ही तालुक्यांत पुष्कळ घरे गावठाणात नाहीत. उसाच्या आणि कांद्याच्या शेतांतून वस्त्यांवर विखुरलेली आहेत. परक्या माणसाला अशी वस्ती विचारत विचारत शोधावी लागते, आणि विचारताना तो चार लोकांच्या नजरेस पडतो. अंगणातल्या चित्राला जोडलेली टिपण मात्र त्याला न विचारता थेट ओसरीपर्यंत आणून पोहोचविते. वेळही त्यातच लिहिलेली असते. सकाळचे अंगणातले चित्र आणि दुपारचे व्यासपीठावरचे चित्र शेजारी ठेवले, की ते मूल कोठे राहते आणि त्या दिवशी घरातली माणसे कोठे होती, हे दोन्ही समजते.

ही टिपण प्रत्येक वाटेने जाते असे नाही. व्हॉट्सअॅपवरून चित्र नेहमीच्या पद्धतीने पाठविले, तर ते लहान केले जाते आणि त्या वेळी टिपण गळून पडते. परंतु चित्र स्वच्छ दिसावे म्हणून तेच चित्र `Document` म्हणून पाठविले, तर मूळ धारिका जशीच्या तशी जाते, टिपणीसकट. ईमेलला जोडून पाठविले तरी तसेच होते. शाळेच्या समारंभानंतर छपाईसाठी किंवा वार्षिकासाठी चित्रे मागवितात ती बहुधा याच मार्गांनी, कारण छपाईला मूळ चित्र लागते. म्हणजे जी चित्रे आपण सर्वांत औपचारिक कामासाठी देतो, त्यांतच टिपण शाबूत राहण्याचा संभव अधिक. आपल्या फोनमधील चित्रात ती आहे की नाही हे पाहणे सोपे आहे: चित्र उघडून त्याचा तपशील पाहावा, तेथे नकाशा किंवा अंशांचे आकडे दिसले तर आहे, नाही तर नाही. आणि ती पुढे लिहिली जाऊ नये असे वाटत असेल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `Location tags` किंवा `Save location` अशा नावाची कळ असते. ती बंद करावी. जुन्या चित्रांतील टिपण मात्र त्याने पुसली जात नाही.

या सर्व गोष्टी मुलांना एक प्रकारची युक्ती वाटल्या. कळ बंद केली, प्रमाणपत्र उलटे धरले, की झाले, असा भाव काहींच्या चेहऱ्यावर दिसला. गुरुजींना तो आवडला नाही. कारण नाव, गाव आणि अक्षांश काढून टाकले, तरी चित्रात एक गोष्ट उरतेच, आणि ती म्हणजे ज्याचे चित्र आहे तो मनुष्य.

स्नेहसंमेलनात सारेच काही पहिले येत नाहीत. कोणी भाषणाच्या तिसऱ्या वाक्याला अडखळतो. कोणाचे धोतर नाचता नाचता सुटते. पहिलीतले एखादे मूल प्रकाश डोळ्यांवर येताच रडू लागते. प्रेक्षक हसतात, शिक्षक त्याला उचलून आत नेतात, आणि पाच मिनिटांत सारे विसरून जातात. पूर्वी असे प्रसंग समारंभाबरोबरच संपत. आता दहा जणांनी फोन वर धरलेले असतात, आणि त्या दहांत एखादा तरी ते क्षण टिपून ठेवतो. मग ते दृश्य वर्गाच्या गटात येते. समजा गटात ४० माणसे आहेत. त्यांतील पाचच जणांनी ते प्रत्येकी ३० माणसांच्या दुसऱ्या एकेका गटात पाठविले, तर ४० मध्ये आणखी १५० मिळाले. ज्याचे धोतर सुटले, त्याला आता १९० माणसे ओळखतात, आणि त्यांतील दीडशे त्याला केवळ त्याच एका गोष्टीसाठी ओळखतात. पाठविणाऱ्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने आपला संदेश सर्वांसाठी पुसला, तरी तो त्याच्या गटातून पुसला जाईल. ज्यांनी पुढे पाठविला, त्यांच्या गटांतून नाही.

आणि चित्र पुढे जाते तेव्हा त्याच्याबरोबर खुलासा जात नाही. याचे एक उदाहरण गुरुजींनी दिले, ते हलक्या आवाजात दिले. २०१८ साली आपल्या देशात एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून आलेली दोन माणसे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसत होते. वस्तुतः ती कराचीत तयार केलेली एक शिकवण देणारी चित्रफीत होती. पालकांनी मुलांवर लक्ष ठेवावे, एवढाच तिचा हेतू. मुळात शेवटी त्या मुलाला परत आणून सोडतात आणि खुलाशाचा फलकही दाखवितात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. उरले ते केवळ मूल पळविण्याचे दृश्य. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशा अफवा त्या वर्षी गावोगाव पसरल्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी अशाच अफवेपायी जमावाने पाच निरपराध माणसांचे प्राण घेतले. ती माणसे भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातील होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घालण्याचे ठरविले.

"आपल्या संमेलनात गेल्या वर्षी कोणती नाटिका होती?" गुरुजींनी विचारले. मुलांना आठवले: अनोळखी माणसापासून सावध राहा, अशा विषयाचीच ती होती. तीत दोन मुले खलपुरुष झाली होती आणि एका लहान मुलीला पोत्यात घालून नेत होती. प्रेक्षकांना ठाऊक होते की हे नाटक आहे. पुढे पोलीस येतात आणि शेवट गोड होतो. पण मधली दहा सेकंदे कोणी टिपली, व्यासपीठाची कड आणि पडदा चौकटीबाहेर राहिला, आणि ती दहा सेकंदे एकटीच फिरू लागली, तर त्या दोन मुलांचे चेहरे कोणत्या कथेत जाऊन बसतील, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून नाटिकेचे तुकडे करून पाठवू नयेत. पाठवायची असेल, तर नाव आणि शेवट यांसह सगळी पाठवावी.

यानंतर गुरुजींनी आपले मुख्य म्हणणे मांडले. चित्र काढणे आणि चित्र पाठविणे या दोन निराळ्या कृती आहेत. म्हणून परवानग्याही दोन लागतात. "तुझे चित्र काढू का?" या प्रश्नाला जो हो म्हणाला, त्याने "हे चित्र गटात टाकू का?" या प्रश्नाला अजून उत्तर दिलेले नाही. पहिला हो देताना त्याला ठाऊक नसते की चित्र कसे येईल. डोळे मिटलेले असतील, तोंड वेडेवाकडे झालेले असेल. दुसरा प्रश्न विचारायचा तो चित्र त्याला दाखवून. त्यातही, कोणाकोणाला पाठविणार हे सांगितल्याशिवाय तो प्रश्न पुरा होत नाही. काकूंना पाठविणे निराळे आणि दोनशे माणसांच्या गटात टाकणे निराळे.

परवानगी मिळाली की नाही हे ओळखण्यातही लोक चुकतात. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. हसून मान वळविणे हा बहुधा नकारच असतो; मुली तर पुष्कळदा असाच नकार देतात, कारण तोंडावर नाही म्हणणे त्यांना जड जाते. पहिली-दुसरीतल्या मुलांना तर विचारूनही उपयोग नाही. ती कशालाही हो म्हणतात. त्यांच्यासाठी त्यांच्या आईवडिलांना विचारावे लागते.

"पण समारंभ तर सर्वांसमोर होतो," एक मुलगी म्हणाली. "जे सर्वांनी पाहिले, त्याचे चित्र दाखवायला परवानगी कशाला?"

गुरुजींना हा आक्षेप सर्वांत वजनदार वाटला, आणि त्यांनी त्याला घाईने उत्तर दिले नाही. सर्वांसमोर म्हणजे कोणासमोर, असे त्यांनी उलट विचारले. सभागृहात तीनशे माणसे होती हे खरे. पण ती कोण होती हे नाचणाऱ्या मुलीला दिसत होते. समोर आई होती, आजी होती, शेजारच्या काकू होत्या. तिने त्यांच्यासमोर नाचायला होकार दिला होता. फोनमधून पाहणारा माणूस तिला दिसत नाही. हा भेद नवा नाही. १८८८ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीने कोणालाही हाताळता येईल असा लहान कॅमेरा विक्रीस आणला; आणि दोनच वर्षांनी, १८९० साली, वॉरन आणि ब्रँडाइस या दोन कायदेपंडितांनी एक लेख लिहून प्रश्न केला, की न विचारता टिपलेल्या चित्रांपासून माणसाच्या खाजगीपणाचे रक्षण कोणी करायचे? आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. व्यक्तींच्या माहितीविषयी संसदेने २०२३ साली कायदा केला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून, संस्थांनी बालकांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी असे म्हटले आहे. मित्राने मित्राचे घरगुती चित्र काढले, तर त्याला हा कायदा लागत नाही. तेथे विचारायचे की नाही, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

आणखी एक गोष्ट गुरुजींनी जाता जाता सांगितली, आणि तिला मुले पोटभर हसली. फोनचा प्रकाशझोत फार तर दोन-तीन मीटर पोहोचतो. दहाव्या रांगेतून तो पाडला, तर व्यासपीठ उजळत नाही. उजळतात ती नवव्या रांगेतील डोकी. तेवढ्यात व्यासपीठावरच्या मुलाचे डोळे मात्र दिपतात. आणि जो हात वर करून चित्रण करतो, त्याच्या मागच्या रांगेतील आजी सारा कार्यक्रम त्याच्या फोनच्या लहानशा काचेतून पाहतात.

यंदाच्या संमेलनासाठी शाळेने एक रीत ठरविली आहे, ती त्यांनी शेवटी वाचून दाखविली. आठवीतील दोन मुले आणि दोन मुली छायाचित्रकार असतील. ती व्यासपीठाच्या बाजूला उभी राहतील आणि शाळेच्या फोनने चित्रे काढतील. त्या फोनमधील स्थान नोंदविण्याची कळ बंद असेल. ज्यांच्या पालकांनी चित्र नको असे कळविले आहे, त्यांची यादी त्यांच्यापाशी राहील, आणि ती यादी फलकावर लावली जाणार नाही. बाकीच्यांनी समारंभ चालू असताना फोन पिशवीत ठेवावेत. कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास अंगणात मोकळा आहे. तेथे विचारून हवी ती चित्रे काढावीत.

मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. तिचे वडील दादरला डबे पोहोचवितात. त्यांना तिचे लेझीम कोण दाखविणार, असे तिने विचारले. गुरुजींनी वहीत तिचे नाव लिहून घेतले. ज्यांची माणसे बाहेरगावी आहेत, त्यांच्या मुलांची चित्रे त्याच रात्री वर्गशिक्षक फक्त त्या त्या पालकाच्या फोनवर पाठवितील, असे त्यांनी सांगितले. मग आणखी अकरा हात वर झाले, आणि ती नावे लिहून होईपर्यंत मधल्या सुटीची घंटा झाली.